थकीत बिलांमुळे नवीन ऑर्डर थांबवल्याचे पत्र : मजकूर आणि त्यामागचा हिशेब

प्रश्न : आमच्या एका जुन्या ग्राहकाची तीन बिले मुदत उलटूनही आलेली नाहीत आणि तीन दिवसांपूर्वी त्यांनी नवी ऑर्डर पाठवली आहे. आधीचे पैसे येईपर्यंत नवी ऑर्डर घ्यायची नाही असे मालकांनी सांगितले आहे. ग्राहक दुखावू नये आणि तरी गोष्ट स्पष्ट व्हावी, असे पत्र कसे लिहावे?

उत्तर :

अशी पत्रे लिहिण्याचे आणि त्यांना आलेली उत्तरे वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. ऑर्डर थांबली एवढ्या एका कारणाने चांगला ग्राहक सहसा तुटत नाही, असा माझा अनुभव आहे. पत्रातला आकडा त्याच्या हिशेबाशी जुळत नाही, किंवा नेमके किती पैसे भरले म्हणजे माल सुटेल हे पत्र वाचूनही कळत नाही, तेव्हा मात्र तो चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त असते. म्हणून मी मसुदा लिहिण्याआधी ग्राहकाचा खातेउतारा समोर घेतो आणि तो ग्राहकाच्या नजरेने तपासतो.

तपासताना चार गोष्टी पाहाव्यात. ग्राहकाकडून आलेली एखादी रक्कम कोणत्याही बिलासमोर न लावता नुसतीच खात्यावर जमा पडून आहे का, हे पहिले. परत आलेल्या किंवा कमी भरलेल्या मालाची क्रेडिट नोट द्यायची राहून गेली आहे का, हे दुसरे. एखाद्या बिलाविषयी ग्राहकाने लेखी तक्रार केली असून तिला आपल्याकडून उत्तर गेलेले नाही, असे आहे का, हे तिसरे. चौथी गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे बिले सर्वांत जास्त अडकतात : बिल ग्राहकाच्या लेखा विभागात खरोखर पोहोचले आहे का, आणि त्यावर त्यांचा खरेदी आदेश क्रमांक आहे का? मोठ्या कंपन्यांत हा क्रमांक नसलेले बिल नोंदलेच जात नाही. ते कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते आणि आपण मात्र त्याला थकबाकी म्हणत राहतो.

तुमच्यासारखेच एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. उधारीची मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस आहे आणि आज १८ जुलै आहे, असे समजा. बिल क्रमांक २१४ हे २ मे रोजीचे १,८०,००० चे असून त्याची मुदत १ जूनला संपली. बिल क्रमांक २३१ हे १९ मे रोजीचे १,४५,००० चे असून त्याची मुदत १८ जूनला संपली. बिल क्रमांक २४६ हे ४ जून रोजीचे ९५,००० चे असून त्याची मुदत ४ जुलैला संपली. याखेरीज २७ जून रोजीचे १,१०,००० चे बिल क्रमांक २५९ आहे, पण त्याची मुदत २७ जुलैपर्यंत आहे.

या चारही बिलांची बेरीज ५,३०,००० होते आणि घाईत लिहिलेल्या पत्रात हाच आकडा जातो. तो आकडा चुकीचा आहे, कारण त्यात बिल २५९ चे पैसे धरलेले आहेत आणि ते देण्यास ग्राहक आज बांधील नाही. जे देणे अजून झालेलेच नाही ते आपण मागितले, की त्याला आपल्या संपूर्ण पत्रावर आक्षेप घेण्याची सोय होते. ते बिल वगळले की मुदत उलटलेली रक्कम ४,२०,००० राहते. आता उतारा नीट पाहिल्यावर असे आढळते की जूनमध्ये ग्राहकाकडून ४०,००० आले होते आणि ते कोणत्याच बिलासमोर लावलेले नाहीत. ते कोणत्या बिलापोटी आहेत हे ग्राहकाने कळवले असेल तर त्याच बिलासमोर लावावेत, कळवले नसेल तर सर्वांत जुन्या म्हणजे २१४ समोर लावावेत. त्या बिलाची बाकी १,४०,००० उरते. बिल २४६ मध्ये १२,००० किमतीचा माल कमी भरल्याची ग्राहकाची तक्रार आलेली आहे आणि आपल्या गोदामाने अजून तिची शहानिशा केलेली नाही. ही रक्कम मी थांबवण्याच्या अटीतून वगळतो आणि त्या बिलाचे ८३,००० धरतो. म्हणजे १,४०,०००, १,४५,००० आणि ८३,००० मिळून ३,६८,००० ही रक्कम पत्रात जाईल.

वादातली रक्कम वगळण्याला विक्री विभागातले आणि कधीकधी मालकही विरोध करतात, कारण आपण तक्रार मान्य केल्यासारखे दिसते असे त्यांना वाटते. तसे होत नाही, फक्त ती रक्कम तपासणीत असल्याचे शब्दांत नोंदवावे लागते. ती वगळली नाही तर मात्र एक हमखास गोष्ट घडते : त्या १२,००० च्या वादाचे निमित्त करून उरलेले ३,६८,००० सुद्धा अडवले जातात आणि आपले उत्तर प्रलंबित असल्यामुळे आपल्याला काही बोलता येत नाही.

आकडा ठरल्यावर दुसरा निर्णय घ्यायचा तो असा, की थांबवायचे नेमके काय. ‘नवीन ऑर्डर’ हे दोन शब्द कार्यालयात पुरेसे स्पष्ट वाटतात, पण त्या क्षणी ग्राहकाच्या आपल्याकडे तीन प्रकारच्या ऑर्डर असू शकतात. माल वाटेत असलेली, आपण लेखी स्वीकारलेली पण माल अजून न पाठवलेली, आणि नुसतीच आलेली, जिला आपण अजून होकार दिलेला नाही. तिसऱ्या प्रकारची ऑर्डर थांबवण्यात सहसा अडचण नसते, कारण होकार दिलेला नसताना ती पुरवण्याचे बंधन साधारणपणे आपल्यावर येत नाही. मात्र वार्षिक पुरवठ्याचा करार झालेला असेल आणि त्याखाली येणारी प्रत्येक ऑर्डर पुरवण्याचे आपण कबूल केलेले असेल, तर त्या करारातले थकबाकीचे कलम वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

स्वीकारलेल्या ऑर्डरची गोष्ट वेगळी आहे. ती थांबवणे म्हणजे झालेल्या कराराचे पालन थांबवणे होय, आणि ते कोणत्या परिस्थितीत करता येते हे आपल्या विक्रीच्या अटी आणि लागू असलेला कायदा ठरवतो. देशोदेशींच्या मालविक्रीसाठी व्हिएन्ना येथे १९८० साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे ७१ वे कलम या बाबतीत वाचण्यासारखे आहे. समोरचा पक्ष आपल्या जबाबदारीचा मोठा भाग पार पाडणार नाही असे त्याची पत खालावल्यामुळे किंवा त्याच्या वागण्यावरून उघड झाले, तर पालन स्थगित करता येते, पण तसे त्याला ताबडतोब कळवावे लागते आणि त्याने पुरेशी हमी दिली तर पालन पुन्हा सुरू करावे लागते. हा करार मुख्यतः तो स्वीकारलेल्या देशांमधील व्यवहारांना लागू होतो, त्यामुळे तो सगळीकडे आधार म्हणून दाखवता येणार नाही. तरी ताबडतोब कळवणे आणि हमी मिळाल्यास पुन्हा सुरू करणे या दोन अपेक्षा कोणत्याही व्यवहारात वाजवी आहेत, आणि मी पत्राची रचना त्यांच्यावरच करतो.

आपल्या उदाहरणात ग्राहकाची ऑर्डर क्रमांक ११५ ही ८ जुलैला लेखी स्वीकारलेली आहे आणि तिचा माल २१ जुलैला जायचा आहे, तर ऑर्डर क्रमांक ११८ ही १५ जुलैला आलेली आहे आणि तिला होकार दिलेला नाही. माझा सल्ला असा राहील की ११५ ठरल्याप्रमाणे जाऊ द्यावी. ८ जुलैला तिन्ही बिलांची मुदत संपलेली होती, म्हणजे थकबाकी माहीत असताना आपण तो होकार दिलेला आहे. आता तोच माल अडवणे ग्राहकाला दिलेल्या शब्दापासून मागे फिरणे ठरेल. ग्राहक डबघाईला आल्याची ठोस चिन्हे असतील, म्हणजे त्याचे धनादेश परत येत असतील किंवा इतर पुरवठादारांनी त्याचा माल बंद केल्याचे खात्रीने कळले असेल, तर हा सल्ला बदलेल, पण तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्याने न लिहिता वकिलाला दाखवून लिहावे. साध्या उशिराच्या प्रकरणात ११५ चा माल जाणार आहे हे वाक्य पत्रात असले, की थांबवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे हे ग्राहकाला आपोआप जाणवते.

पत्र कुणाला पाठवायचे यावर बरेच काही अवलंबून असते. ऑर्डर देणारा खरेदी अधिकारी आणि बिल चुकते करणारा लेखा अधिकारी या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि आपली बिले थकली आहेत हे खरेदी अधिकाऱ्याला पुष्कळदा माहीतच नसते. म्हणून पत्र लेखा अधिकाऱ्याच्या नावे लिहावे आणि प्रत खरेदी अधिकाऱ्याला द्यावी, कारण माल त्यालाच हवा असतो आणि आतून पाठपुरावाही तोच करतो. आणखी कुणालाही प्रत देऊ नये. पहिल्याच पत्राची प्रत ग्राहकाच्या संचालकांना पाठवली, तर ज्या दोन माणसांकडून आपल्याला मदत हवी आहे त्यांची त्यांच्या वरिष्ठांसमोर मानहानी होते.

पत्र निघण्यापूर्वी त्याच दिवशी एक फोन करावा. फोनवर वाटाघाट करायची नसते, फक्त पूर्वकल्पना द्यायची असते. ‘साहेब, आपली ११८ क्रमांकाची ऑर्डर मिळाली. पूर्वीची तीन बिले बाकी असल्यामुळे ती सध्या पुढे घेता येत नाहीये, त्याचे सविस्तर पत्र मी तासाभरात पाठवतो आहे. आकड्यांत काही फरक वाटला तर मला लगेच सांगा.’ एवढे पुरते. या फोनवर कधीकधी असे कळते की पैसे कालच पाठवले आहेत, किंवा बिल त्यांना मिळालेलेच नाही, आणि मग पत्राची गरजच उरत नाही.

आणखी एक पथ्य आहे. थकबाकीविषयी ग्राहकाला पहिल्यांदा कळते आहे ते याच पत्रातून, असे होता कामा नये. आधी किमान एक लेखी स्मरणपत्र गेलेले असावे, आणि शक्य असल्यास अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास नवीन ऑर्डर थांबवाव्या लागतील असे त्यात म्हटलेले असावे. तसे स्मरणपत्र गेलेले नसेल तर मालकांना ते दाखवून द्या, आज स्मरणपत्र पाठवा, पाच-सहा दिवसांची तारीख द्या आणि ऑर्डर ११८ तोपर्यंत होकार न देता ठेवा.

आता पत्राचा मजकूर. स्मरणपत्र गेलेले आहे असे धरून तो असा लिहिता येईल :

विषय : ऑर्डर क्र. ११८ आणि मुदत संपलेली बिले क्र. २१४, २३१ व २४६

सन्माननीय महोदय,

आपली दि. १५ जुलैची ऑर्डर क्र. ११८ आम्हाला मिळाली. आपण आमच्याकडे सातत्याने ऑर्डर देता याबद्दल आम्ही आभारी आहोत.

आमच्या नोंदींनुसार आपल्या खात्यावरील पुढील तीन बिलांची ३० दिवसांची मुदत संपलेली असून त्यांची रक्कम अद्याप जमा झालेली नाही. याबाबत आम्ही दि. ९ जुलै रोजी आपणास स्मरणपत्र पाठवले होते.

बिल क्र. २१४, देय दि. १ जून : १,४०,००० (मूळ रक्कम १,८०,०००, त्यातून जूनमध्ये मिळालेले ४०,००० वजा)
बिल क्र. २३१, देय दि. १८ जून : १,४५,०००
बिल क्र. २४६, देय दि. ४ जुलै : ८३,००० (मूळ रक्कम ९५,०००, त्यातून कमी मालाच्या तक्रारीचे १२,००० तपासणीत असल्याने वगळले)
एकूण : ३,६८,०००

ही रक्कम जमा होईपर्यंत ऑर्डर क्र. ११८ आणि त्यानंतरच्या नवीन ऑर्डर आम्हाला स्वीकारता येणार नाहीत, हे कळवताना खेद होतो. दि. ८ जुलै रोजी स्वीकारलेल्या ऑर्डर क्र. ११५ वर याचा परिणाम होणार नाही. तिचा माल ठरल्याप्रमाणे २१ जुलै रोजी रवाना होईल.

वरील ३,६८,००० ची रक्कम आमच्या नेहमीच्या बँक खात्यात जमा झाल्याच्या दिवशीच ऑर्डर क्र. ११८ स्वीकारल्याचे आपणास लेखी कळवू आणि त्यानंतर कामकाजाच्या सहा दिवसांत माल रवाना करू. या ऑर्डरमधील दर आम्ही २ ऑगस्टपर्यंत कायम ठेवत आहोत.

कमी मालाविषयीच्या आपल्या तक्रारीचा निर्णय आम्ही २५ जुलैपर्यंत आपणास कळवू. बिल क्र. २५९ ची मुदत २७ जुलैपर्यंत असल्याने त्याचा वरील रकमेत समावेश केलेला नाही.

यांपैकी काही रक्कम आपण आधीच पाठवली असल्यास तिचा व्यवहार क्रमांक, अथवा एखाद्या बिलाविषयी आपले काही म्हणणे असल्यास त्या बिलाचा क्रमांक कृपया मला कळवावा. मी त्याच दिवशी पडताळणी करून उत्तर देईन. संपूर्ण रक्कम एकाच वेळी देणे अडचणीचे असल्यास २२ जुलैपर्यंत माझ्याशी फोनवर बोलावे, ही विनंती. खातेउतारा आणि तिन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
(नाव, हुद्दा, थेट फोन क्रमांक)

या मजकुरातल्या काही वाक्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांची जागा आणि शब्द मी जाणूनबुजून निवडलेले आहेत. थांबवण्याचे वाक्य एकच आहे, ते आकड्यांनंतर येते आणि त्यात ‘कदाचित’, ‘शक्यतो’, ‘अडचण येऊ शकते’ असा एकही शब्द नाही. असे शब्द घातले की ग्राहकाला वाटते ऑर्डर चालूच आहे आणि फक्त पैशांची आठवण केली जात आहे. मग तो पुढच्या आठवड्यात मालाची वाट पाहतो, आपल्या ग्राहकाला त्या भरवशावर शब्द देऊन बसतो, आणि माल आला नाही की त्याला फसवल्यासारखे वाटते. मवाळपणाच्या हेतूने लिहिलेले संदिग्ध पत्र शेवटी ग्राहकाचेच नुकसान करते.

पत्रात थकबाकीचे वर्णन बिलांच्या अंगाने केलेले आहे. ‘आपण पैसे दिलेले नाहीत’ आणि ‘बिलांची रक्कम अद्याप जमा झालेली नाही’ या दोन वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे, पण पहिल्यात माणसावर बोट ठेवलेले आहे. शिवाय दुसरे वाक्य अधिक अचूकही आहे, कारण आपल्याला आपल्या बाजूचे जमाखाते दिसते, ग्राहकाने काय केले ते दिसत नाही. तसेच ‘रक्कम भरल्याखेरीज माल मिळणार नाही’ असे न लिहिता रक्कम जमा झाल्याच्या दिवशी आपण काय करू, किती दिवसांत करू आणि कोणत्या दराने करू हे लिहिलेले आहे. ग्राहकाच्या लेखा अधिकाऱ्याला आपल्या वरिष्ठांकडून रक्कम मंजूर करून घ्यायची असते, आणि हे वाक्य त्याला जसेच्या तसे पुढे पाठवता येते.

बँक खात्याचा तपशील पत्रात मुद्दाम दिलेला नाही, फक्त ‘नेहमीच्या खात्यात’ असे म्हटले आहे. पुरवठादाराच्या नावे खोटा ईमेल पाठवून नव्या खात्यात पैसे भरायला लावणे हा फसवणुकीचा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि तातडीने रक्कम भरा असे सांगणाऱ्या पत्रात खाते क्रमांक दिसला की सावध ग्राहक थबकतो. खाते खरोखरच बदलले असेल तर ते स्वतंत्रपणे, फोनवर खात्री करून घेऊन कळवावे.

‘आमच्या संगणक प्रणालीने आपले खाते आपोआप बंद केले आहे’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वापरले जाते आणि मी ते कधीही लिहीत नाही. निर्णय माणसाने घेतलेला असतो आणि ग्राहकाला ते ठाऊक असते. शिवाय पुढे त्याने हप्ते मागितले तर प्रणालीचे नाव सांगणारा माणूस वाटाघाट कशाच्या जोरावर करणार, हा प्रश्न उरतो. व्याज, न्यायालय, वकिलाची नोटीस यांचा उल्लेखही या पत्रात नको. त्यांची वेळ आलीच तर ती वेगळ्या पत्राने येते, आणि ज्या पत्रात आपण पुरवठा पुन्हा सुरू करण्याचा मार्ग दाखवतो आहोत त्याच पत्रात खटल्याचा इशारा दिला की वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त इशाराच राहतो. आपली उधारीची मुदत किती आहे याचा साधा उल्लेख पुरेसा असतो.

पत्र गेल्यावर जी उत्तरे येतात त्यांपैकी एक जवळजवळ ठरलेले असते : एवढा माल पाठवा, तो विकला गेला की सगळेच पैसे देतो. ही विनंती प्रामाणिक असू शकते, पण ती मान्य केली की थकबाकी वाढते आणि आपल्या पत्राला अर्थ उरत नाही. तिला नुसता नकार देण्यापेक्षा पर्याय द्यावा. उदाहरणार्थ : ‘आपली अडचण लक्षात आली. ११८ चा माल लवकर जावा अशी आमचीही इच्छा आहे. बिल क्र. २१४ चे १,४०,००० आता आणि बिल क्र. २३१ चे १,४५,००० २६ जुलैपर्यंत जमा झाल्यास आम्ही ऑर्डर स्वीकारू. बिल क्र. २४६ चे ८३,००० २ ऑगस्टपर्यंत द्यावेत. हे आपणास मान्य असल्याचे कृपया ईमेलने कळवावे.’ येथे ३,६८,००० पैकी २,८५,००० आल्यावर ऑर्डर सुटते. शेवटचा हप्ता चुकला तर त्यानंतरची ऑर्डर थांबेल, हेही त्याच ईमेलमध्ये एका वाक्यात लिहून ठेवावे. पहिल्याच हप्त्यावर ऑर्डर सोडू नये असे माझे मत आहे, कारण दोन हप्ते वेळेवर आले तरच योजनेवर विश्वास ठेवण्यासारखे काही हाती लागते.

काही ग्राहक जुने तसेच ठेवून नव्या ऑर्डरचे पैसे आगाऊ देऊ करतात. माल तातडीचा असेल तर हे स्वीकारता येते, पण ती रक्कम आल्यावर ती परस्पर जुन्या बिलांत वळती करून माल पुन्हा अडवणे हा सरळसरळ विश्वासघात आहे. पैसे देणाऱ्याने ते कशापोटी आहेत हे सांगितलेले असेल तर ते तसेच जमा झाले पाहिजेत. तुम्हाला ते जुन्या बिलांसाठीच हवे असतील तर पैसे येण्याआधी तसे लेखी ठरवून घ्या.

‘पैसे पाठवले आहेत’ असे सांगून पावतीचे छायाचित्र आले, तर आभार मानावेत, ऑर्डरची आतली तयारी सुरू करावी, आणि लेखी स्वीकृती मात्र रक्कम बँकेत प्रत्यक्ष दिसल्यावर द्यावी. धनादेश असेल तर तो वटल्यावर द्यावी. हे आधीच सांगितलेले असल्याने, म्हणजे पत्रात ‘जमा झाल्याच्या दिवशी’ असे शब्द असल्याने, ग्राहकाला त्यात अविश्वास दिसत नाही.

एका बारकाव्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. २७ जुलै उलटल्यावर बिल २५९ सुद्धा थकीत होते. समजा ग्राहकाने ३,६८,००० २९ जुलैला भरले. आता आणखी १,१०,००० द्या मगच ऑर्डर घेऊ, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. पत्रात आपण जी रक्कम मागितली ती त्याने भरली आहे आणि आपला शब्द पूर्ण करण्याची पाळी आता आपली आहे. ऑर्डर स्वीकारावी आणि २५९ चे साधे स्मरणपत्र वेगळे पाठवावे. रक्कम येण्याची चिन्हेच नसतील तर २७ तारखेनंतर, पण पैसे येण्याआधी, सुधारित आकड्याचे नवे पत्र पाठवता येते. पैसे आल्यावर अट बदलली तर त्यानंतरच्या आपल्या कोणत्याही पत्रावर तो ग्राहक विश्वास ठेवणार नाही.

आपल्या बाजूने विक्री, गोदाम आणि लेखा या तिन्ही ठिकाणी हाच निर्णय त्याच दिवशी लेखी पोहोचला पाहिजे आणि ऑर्डर सोडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असला पाहिजे. पत्र गेल्यानंतर विक्री प्रतिनिधीने ग्राहकाला ‘काळजी करू नका, मी बघतो’ असे सांगितले, की पत्रातल्या प्रत्येक वाक्याची किंमत शून्य होते. याउलट गोदामाला चुकून सगळेच थांबवायचे आहे असे वाटले आणि ११५ चा माल अडकला, तर शब्द मोडल्याचा दोष आपल्यावर येतो. म्हणून गोदामाला पाठवायच्या सूचनेत ‘११५ जाऊ द्यावी, ११८ थांबवावी’ असे क्रमांकासह लिहावे.

रक्कम जमा झाली की त्याच दिवशी, शक्य असल्यास तासाभरात, खुलासा पाठवावा. हे पत्र लहान असते, पण पहिल्या पत्राइतक्याच काळजीने ते लिहावे आणि ज्यांना पहिले गेले त्यांनाच पाठवावे :

‘सन्माननीय महोदय, आपले ३,६८,००० आज जमा झाले, आभारी आहोत. ही रक्कम बिल क्र. २१४, २३१ आणि २४६ यांच्यापोटी नोंदवली आहे. ऑर्डर क्र. ११८ आम्ही आजपासून स्वीकारली असून माल कामकाजाच्या सहा दिवसांत रवाना होईल. रवाना होताच वाहतुकीचा तपशील कळवू. कमी मालाच्या तक्रारीची शहानिशा पूर्ण झाली असून १२,००० ची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे.’

तक्रार आपल्या तपासणीत टिकली नसेल तर शेवटच्या वाक्याऐवजी माल भरल्याची स्वाक्षरीची पोच जोडावी आणि ते १२,००० कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहेत ते नम्रपणे लिहावे. तपासणी अपुरी असेल तर २५ जुलैची तारीख पुन्हा नमूद करावी. थकबाकी राहिली होती याचा उल्लेख, किंवा पुढे असे होऊ नये अशी समज, या पत्रात अजिबात घालू नये. उधारीची मर्यादा कमी करायची असेल किंवा पुढच्या ऑर्डरसाठी काही आगाऊ रक्कम मागायची असेल, तर ती चर्चा ११८ चा माल पोहोचल्यानंतर, स्वतंत्रपणे आणि शक्यतो समोरासमोर करावी.